त्याचा ‘रे’, तिचा ‘प’

तारापूरला माझ्या बहिणीचं घर आहे. गेल्या मे महिन्यात तिथं चार दिवस राहायला गेलो आणि पहिल्याच दुपारी ओटीवर जुंपली. एका बाजूला माझी भाची, पुढ्यात पेटी. समोर टॅप्स कॉलनीत राहणारा तिचा वर्गमित्र, मांडीवर कीबोर्ड. हा मूळचा मडगावचा. तिसरी कॉलनीतलीच मैत्रीण, चेन्नईकडची, ती भिंतीला टेकून कैरी खात होती आणि या दोघांचं भांडण फुकटात बघत होती.

तारापूर-बोईसरला हे असंच असतं. १९६९ साली इथल्या अणुवीजकेंद्रातून, म्हणजे टॅप्समधून, वीज निघायला लागली, नोकरीसाठी देशभरातून माणसं आली, आणि शाळेच्या एका बाकावर तीन प्रांत बसायला लागले. तेव्हा भांडणातसुद्धा तीन प्रांत असणार, हे ओघानं आलंच.

“मी ग म प म्हटलं ना? मग तू भलतंच काय वाजवतोयस?” भाची.

“भलतं नाही. ग म प म्हणजे मी फा सोल. तूच तर काल वहीत लिहून दिलंस.”

“मग जुळत का नाही?”

वही मी मागून घेतली. भाचीनं शिस्तीत दोन रांगा मांडल्या होत्या. वरच्या रांगेत सा रे ग म प ध नी, आणि बरोबर खाली दो रे मी फा सोल ला सी. म्हणजे सा खाली दो, रे खाली रे, ग खाली मी, म खाली फा, प खाली सोल, ध खाली ला आणि नी खाली सी. (‘दो’ म्हणजे आपण ज्याला ‘डो’ म्हणतो तोच. गोव्यात पोर्तुगीज वळणानं दो म्हणतात. भाचीनं पहिल्या दिवशी त्याला विचारलं होतं म्हणे, “दो म्हणजे दोन ना? मग एक कुठंय?”)

वही शंभर टक्के बरोबर होती. मी सांगतो म्हणून नका मानू, पेटीवर बघा. पांढरी एकपासून निघून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या ओळीनं वाजवल्या की आपला शुद्ध सा रे ग म मिळतो, आणि कीबोर्डवर त्याच पट्ट्या ओळीनं वाजवल्या की दो रे मी. एक चकवा तेवढा आहे. आपला ‘म’ आणि त्यांचा ‘मी’ भावंडांसारखे दिसतात, पण आपला म चौथा आणि त्यांचा मी तिसरा. पुष्कळ जण इथंच घसरतात. भाची घसरली नव्हती. तरी सूर जुळत नव्हता.

मी म्हटलं, “दोघंही तीन सूर हळूहळू वाजवा. नावं घेऊ नका.”

त्यानं वाजवले पांढरी तीन, चार, पाच. तिनं वाजवले पांढरी सात, मग वरची पांढरी एक, मग पांढरी दोन. चाल दोघांची हुबेहूब तीच, पहिल्या दोन सुरांत छोटं पाऊल आणि पुढच्या दोनांत मोठं. पण एक जण तळमजल्यावरून चालत होता आणि एक जण माडीवरून.

मुलाचा कान तयार होता. तो ओरडलाच, “अगं, तू ग म प वाजवतच नाहीयेस! तू सी दो रे वाजवतेयस!”

“रे? मी रे कुठं वाजवला? तो प आहे!”

“तो रे आहे!”

“प!”

दोघांचं बोट एकाच पट्टीवर, पांढरी दोनवर. आणि दोघंही खरं बोलत होते.

भाचीच्या बाईंनी तिला पांढरी पाचची पट्टी दिलेली आहे. म्हणजे तिचा सा पांढरी पाचवर. तिच्या गळ्याला तिथून गाणं सोपं जातं. तिथून मोजत निघा. सा पांढरी पाच, रे पांढरी सहा, ग पांढरी सात, म वरची पांढरी एक, प वरची पांढरी दोन, ध पांढरी तीन. पुढं नी येताना मात्र पांढरी चार चालत नाही. ध पासून नी मोठ्या पावलावर असतो आणि पांढरी तीन ते पांढरी चार हे छोटं पाऊल आहे, त्यांच्यामध्ये काळी पट्टीच नाही. म्हणून पुढची काळी तीन घ्यावी लागते.

आता मडगावच्या डोळ्यांनी बघा. त्याच्यासाठी पांढरी एक म्हणजे दो. आज दो, उद्या दो, कुणीही गावो, दो तिथंच. पांढरी दोन कायम रे, पांढरी पाच कायम सोल. त्यामुळे भाचीचा सा त्याला सोल ऐकू येतो, तिचा म दो, तिचा प रे, आणि तिचा स्वतःचा रे म्हणजे त्याचा ला. वहीतला तक्ता खरा ठरतो तो एकाच अटीवर, की तुमचा सा पांढरी एकवर असला पाहिजे. ती अट वहीत कुणी लिहिलेली नसते.

आपला सा घरात कुठंही मांडता येणाऱ्या पाटासारखा आहे. ज्याला जिथं सोयीचं तिथं त्यानं पाट मांडावा, उरलेल्या सहा वाट्या त्याच अंतरांनी भोवती लागतात. मडगावचा दो म्हणजे भिंतीतला कोनाडा.

भाचीला वाटलं, हा आपला आणि परदेशी लोकांचा फरक. थोडंसं तसं आहे, पण पूर्ण नाही. त्यासाठी ही नावं आली कुठून ते बघायला हवं.

इटलीत आरेत्सो नावाचं गाव आहे. साधारण एक हजार वर्षांपूर्वी तिथं ग्वीदो नावाचा साधू चर्चमधल्या मुलांना गाणं शिकवायचा आणि कंटाळायचा. मुलं एकेक स्तोत्र ऐकून ऐकून पाठ करायची. नवं स्तोत्र पुढं आलं की पुन्हा श्रीगणेशा. दहा दहा वर्षं शिकूनही ऐकल्याशिवाय गाता येत नाही, असं त्यानं स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय. मग त्यानं एक युक्ती काढली. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राची चाल अशी होती की त्यातला प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापेक्षा एक पायरी वरून सुरू व्हायचा. त्यानं त्या सहा तुकड्यांची नुसती पहिली अक्षरं उचलली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. झाली सहा पायऱ्यांना सहा नावं. मुलाला ‘फा’ म्हटलं की चौथा तुकडा कसा सुरू होतो ते आठवायचं, की सूर गळ्यात.

सहाच नावं, सातवं नाही! सातवा ‘सी’ पुष्कळ नंतर आला, त्या संताच्याच लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून. आणि ‘उत्’ म्हणून सूर लांबवायला जाऊन बघा. त् वर जीभ अडकते, तोंड बंद. म्हणून सतराव्या शतकात इटलीत उत् जाऊन दो आला.

गंमत पुढं आहे. ग्वीदोच्या परंपरेत ही सहा नावं एका जागी खिळलेली नव्हती. गाणारे तो उत् तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करायचे आणि गाणं वर-खाली गेलं की नावं सरकवायचे. म्हणजे तो साधू आमच्या भाचीच्या बाजूचा! पुढं सातवं नाव आल्यावर इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल या देशांत नावं पट्ट्यांना कायमची चिकटली. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात गाण्याच्या वर्गांसाठी पुन्हा सरकती नावं घेतली. तिथंच ‘सी’चा ‘टी’ झाला, कारण सो आणि सी दोन्ही स वरून लिहायला गेलं की घोळ व्हायचा. इंग्लिश शाळेत ‘सो ला टी’ शिकलेला मुलगा त्या दिवशी ओटीवर असता, तर तो भाचीकडून भांडला असता.

मग आमच्या मुलाच्या तोंडी पोर्तुगीज वळण का? कारण गोव्यात चर्चच्या गावशाळांमधून मुलांना पिढ्यान् पिढ्या सोल्फेजो, म्हणजे दो रे मी म्हणत लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलं गेलं. पोर्तुगीज तारापुरातही होते. त्यांचा किल्ला अजून गावात आहे. १७३९च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेनं तो घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. इथून पोर्तुगीज तेव्हाच गेले. गोव्यातून जायला १९६१ उजाडलं. त्यामुळे दो रे मी तिथं मुरलं आणि इकडे आमची भाची पेटीवर सा रे ग म घेऊन बसली.

आपल्या नावांची गोष्ट जुनी, आणि तिचा गाभा साधा आहे. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद या सात नावांची पहिली अक्षरं. षड्ज म्हणजे सहांना जन्म देणारा. सा आधी ठरला की बाकीचे सहा ठरतात, हे त्याच्या नावातच बसलंय. जुन्या ग्रंथांनी प्रत्येक सुराला एकेक प्राणीही जोडून दिला. मोर षड्जात ओरडतो, बकरी गांधारात, कोकीळ पंचमात, हत्ती निषादात. धैवताला कुणी घोडा म्हणतं, कुणी बेडूक! दोन प्राण्यांच्या आवाजात एवढं अंतर असताना ग्रंथकारांचं जमलं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही. बकरी गांधारात ओरडते हे मी चिंचणीच्या रस्त्यावर पेटीशिवाय तपासून पाहिलंय. बकरीला मान्य नसावं.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टईजवळ कुडुमियानमलै इथं खडकात एक लेख कोरलेला आहे. सातव्या-आठव्या शतकातला मानतात. त्यात शब्द थोडेच, बाकी सुरांच्या अक्षरांचे गट आहेत ओळीच्या ओळी. ग्वीदोच्या निदान दोनशे वर्षं आधी कुणी तरी छिन्नीनं सरगम लिहीत बसलं होतं.

हे सांगितल्यावर मुलानं लगेच विचारलं, “मग आमचा रे तुमच्याकडून आला का? दोन्हीकडे दुसराच सूर आहे.”

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडलेला आहे. पण नावांची मुळं दोन्हीकडे दिसतात ना. त्यांचा रे लॅटिन स्तोत्रातल्या दुसऱ्या तुकड्याच्या पहिल्या अक्षरातून आला, आपला ऋषभातून. दोन विहिरींना गोडं पाणी लागलं म्हणून त्या आतून जोडलेल्या असतात असं नाही.

आणि या वेळी कैरी खाणारी पहिल्यांदा बोलली. “आमच्याकडे रे नाहीच. आम्ही री म्हणतो. सा री गा मा.”

मी खूश झालो. बरोबर आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांतही ऋषभाचं छोटं रूप ‘रि’ असंच येतं. दक्षिणेत ते टिकलं, आपल्याकडे बोलता बोलता त्याचा रे झाला. तेव्हा ज्या सारखेपणावरून एवढी चर्चा, तो सारखेपणा आपल्याच देशात सगळ्यांकडे नाही.

“म्हणून दाखव,” भाची म्हणाली. मैत्रिणीनं क्लासमधला पहिला धडा म्हणून दाखवला. सा ठीक. पण री आली ती सा ला खेटून, अगदी बारीक पावलावर. भाचीनं पेटीवर शोधलं. “हा तर कोमल रे! आणि ध पण कोमल! तू भैरव म्हणतेयस!”

“हाच पहिला धडा असतो,” ती म्हणाली.

तीही खरं बोलत होती. कर्नाटक संगीतात मुलांना पहिले पाठ मायामाळवगौळ नावाच्या रागात देतात, आणि त्याचे सूर आपल्या भैरवासारखे असतात. इतकंच काय, त्यांच्याकडे ‘शुद्ध री’ म्हणतात तो आपला कोमल रे. आपल्याकडे बिलावलचे सूर, म्हणजे पेटीवर पांढरी एकपासूनच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, यांनाच शुद्ध म्हणायचं हे पुस्तकांतून पक्कं केलं पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. ते १८६०चे, मुंबईतल्या वाळकेश्वरचे, शिकलेले वकिली. त्यांनी आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांनी पाया म्हणून बिलावल घेतलं म्हणूनच भाचीच्या वहीतला तक्ता इतका सरळ लागतो. कैरीवालीनं तिच्या पहिल्या धड्याखाली दो रे मी लिहिलं असतं, तर दुसऱ्याच अक्षराला तक्ता लंगडला असता.

आता हे तोंडानं किती सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एक यंत्र केलं. तुम्हालाही जमेल, पण हातोडीचं काम मोठ्या माणसाला करू द्या.

एक मीटरपेक्षा लांब फळी घेतली. तारापुरात तंगूस कुठंही मिळतो. मासे पकडायचा, नायलॉनचा. अर्धा मिलिमीटर जाडीचा घेतला. फळीच्या एका टोकाला खिळा ठोकून तंगूस बांधला, फळीवरून नेऊन दुसऱ्या कडेवरून खाली सोडला आणि त्याला दोन लिटर पाण्यानं भरलेली बाटली टांगली. फळी टेबलावर अशी ठेवली की बाटली अधांतरी राहील. तंगुसाखाली दोन पेन्सिली आडव्या सरकवल्या, सहा कडांच्या. गोल पेन्सिल घरंगळते. खिळ्याकडची पेन्सिल चिकटपट्टीनं पक्की केली, दुसरी मोकळी. दोघींमध्ये फूटपट्टीनं मोजून ६० सेंटिमीटर ठेवले, आणि छेडलं.

टुण्ण. बारीक, पण स्वच्छ. फळीखाली रिकामा पत्र्याचा डबा ठेवल्यावर ओटीभर ऐकू आला.

“हा आपला सा,” भाची.

मुलानं कीबोर्डवर पांढरी एक दाबून बघितली. “हा दो नाहीये. दोपेक्षा जरा खाली आहे.” बघा, कोनाडा! भाचीला तो प्रश्नच पडला नव्हता. तिनं जो सूर निघाला तो सा म्हणून घेऊन टाकला. शेवटी मुलानं मोठ्या मनानं तो दो म्हणून चालवून घेतला.

मग मोकळी पेन्सिल सरकवायची, मधलं अंतर कमी करायचं, आणि प्रत्येक वेळी मधलाच तुकडा छेडायचा. ३० वर आणली, म्हणजे बरोबर अर्धी, की वरचा सा बोलतो. तार अर्धी केली की ती सेकंदाला दुप्पट वेळा थरथरते. ४० वर, म्हणजे दोन तृतीयांशावर, प. ४५ वर म. ४८ वर ग. ३६ वर ध, ३२ वर नी. रे तेवढा अडनिडा, ५३ च्या थोडा पुढं. आम्ही फळीवर कागद चिकटवून प्रत्येक जागी रेघ मारली. रेघेच्या वर भाचीनं तिचं नाव लिहिलं, खाली मुलानं त्याचं. ४८ वर ग आणि मी, ४५ वर म आणि फा, ४० वर प आणि सोल.

पहिल्यांदा आमचे सूर बेसुरे आले. कारण सापडायला वेळ लागला. पेन्सिल सरकवली की तंगूस फळीच्या कडेला घासून अडकतो आणि बाटलीचा पूर्ण ताण मधल्या तुकड्यापर्यंत पोचत नाही. उपाय सोपा. प्रत्येक सरकवणीनंतर बाटली हातानं जराशी उचलायची आणि अलगद सोडायची. सूर जागेवर येतो. आणि दोन्ही पेन्सिली सारख्या जाडीच्या हव्यात, नाही तर तंगूस एकीकडे उचलला जातो.

इथं एक बारकावा दिसतो, कान तयार असेल तर. समजा तुमचा सा सेकंदाला २४० वेळा थरथरतो. तारेच्या ४८ वरचा ग त्याच्या बरोबर सव्वापट, म्हणजे ३००. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून जो ग आपोआप डोकावतो, तोही हाच. पण पेटी आणि कीबोर्डवर सा ते वरचा सा हे अंतर बारा सारख्या पायऱ्यांत कापलेलं असतं, म्हणजे सा कुठल्याही पट्टीवर धरला तरी चालावं. तिथला ग ३०२च्या थोडा वर जातो. एवढ्याशा फरकानं काय होतं? दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा हेलकावे खातो, वारा आलेल्या दिव्यासारखा. तेव्हा तक्त्यातले ग आणि मी एकाच घरातले खरे, पण दाराशी अंगठाभर मागेपुढे उभे असतात. पेटीचे हे असे ठरलेले सूर अनेक जाणकारांना खुपायचे. १९४० ते १९७१ आकाशवाणीनं पेटीला बंदीच घातली होती! भाचीला हे सांगितल्यावर तिनं पेटी जवळ ओढून घेतली.

मग खरा प्रयोग. मी बाटली काढून पाणी ओतायला लागलो. तुळशीत, म्हणजे वाया नको. सव्वा लिटरला थोडं कमी उरलं तेव्हा थांबलो. पुन्हा टांगली, पेन्सिल पुन्हा ६० वर, आणि छेडलं.

सूर धपकन खाली गेला. ताण कमी झाला की तार सावकाश थरथरते. पण ताण अर्धा झाला म्हणून सूर अर्धा होत नाही, वर्गमुळाचा हिशेब आहे. दोन लिटरच्या सोळा वाट्या मानल्या तर आम्ही नऊ ठेवल्या. सोळाचं वर्गमूळ चार, नवाचं तीन. म्हणजे थरथर पाऊणपट. आणि सा च्या पाऊणपट थरथर म्हणजे खालच्या सप्तकातला प.

“आता हा काय?” मी विचारलं.

“सोल,” मुलगा. “खालचा सोल.”

“सा,” भाची. “६० वर आहे ना? मग सा.”

“बरं, ४८ वर?”

“ग,” ती. तो थांबला, मनात मोजलं आणि म्हणाला, “सी.”

“४५?”

“म.” “दो.”

“४०?”

“प.” “रे.”

आणि दोघंही एकमेकांकडे बघून हसायला लागले, कारण कालचं भांडण जसंच्या तसं तंगुसावर आलं होतं. भाचीला कागदावरची तिची नावं खोडावी लागली नव्हती. मुलाला खालची सगळी रांग खोडून नवी लिहावी लागणार होती. उलट, भाचीला नुसता सूर ऐकवून विचारलं असतं की हा कोणता, तर सा माहीत नसताना तिला सांगता आलं नसतं. त्याला कीबोर्डवर ताडून आलं असतं.

दोन्हीपैकी कुठलं चांगलं असं मला विचारू नका. दोन्ही एकत्र आली की काय होतं, ते मात्र सांगतो. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये अनेक वर्षं हेच चाललं. संगीतकार पेटीवर चाल बसवायचे, आणि समोर चाळीस-पन्नास वादक. सगळ्यांनी एकदम बरोबर वाजवायचं तर कागद हवा. गोव्याच्या गावशाळांत सोल्फेजो शिकून आलेले वादक तो कागद डोळ्यांनी वाचायचे आणि लगेच वाजवायचे. पेटीवरची चाल त्या पाच रेघांच्या लिपीत उतरवायला गोव्याचे जाणते लोक असत. त्यातले एक अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचे, व्हायोलिनवाले. १९२७ साली जन्मले, २०१२ साली गेले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ सिनेमातल्या गाण्यात हिरो जे पूर्ण नाव ठणकावून सांगतो, ते या गुरुजींचं आहे. त्या गोन्साल्विसांनी रागांवर आधारलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून वाजवूनही दाखवलं. चाल उतरवणाऱ्यानं पहिला प्रश्न काय विचारायचा, हे आता तुम्हाला ठाऊक आहे: सा कुठल्या पट्टीचा?

आमच्या मुलानंही तोच विचारायला हवा होता. आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मेंदूला कामाला लावायचं आणि भाचीच्या प्रत्येक सुरासाठी वेगळी पट्टी धरायची, नी आला की काळी तीन न विसरता. दुसरी वाट आळशी. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. ते पाच घरं खाली आणलं की दाबायची पांढरी एक, वाजायची खालची पांढरी पाच. मग बोटं ‘मी फा सोल’ वाजवतात आणि भाचीचा ग म प निघतो. त्यानं ते केलं, सूर जुळले, भाचीनं टाळी दिली. पण थोड्या वेळानं त्यानं बटण परत शून्यावर आणलं. म्हणाला, “बोट दोवर आणि कानात सोल. मला चक्कर येते.” त्यापेक्षा काळी तीन लक्षात ठेवणं त्याला परवडलं.

संध्याकाळी बाटली सोडवायला गेलो तर कैरीवाली फळीपाशी एकटी बसली होती. पेन्सिल ६० आणि ५३ च्या मधे इकडेतिकडे सरकवत होती आणि छेडत होती. कागदावर त्या जागेत काहीच लिहिलेलं नव्हतं, वर नाही, खाली नाही.

“माझी री कुठंय?” तिनं विचारलं.

“शोध की.”

तिनं डोळे मिटले, सा गुणगुणली, मग री. पेन्सिल केसभर पुढं, केसभर मागं. बाटली उचलून सोडली. पुन्हा छेडलं. मग फूटपट्टी लावली आणि अंतर वाचलं, छप्पन्न आणि वर दोन-तीन बारीक रेघा. साठचे सोळा भाग करून त्यातले पंधरा घेतले तर सव्वाछप्पन्न यायला हवं होतं. तिनं पेन्सिल कानामागून काढली, तिथं रेघ मारली आणि वर तमिळमध्ये एक अक्षर लिहिलं.